तुमच्या नेमक्या किती संधी उरल्या? यूपीएससी आणि एमपीएससीसाठी वय आणि अटेम्प्ट मोजण्याची रीत

पुण्यात अभ्यासिकेबाहेर चहा घेताना एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "माझं वय बसतं का रे?" उत्तर देणारे चार जण असतात आणि चौघांची उत्तरं वेगळी येतात. कोणी खुल्या गटाचा नियम ओबीसीला लावतो, तर कोणी एमपीएससीचा नियम यूपीएससीला. मी या दोन्ही परीक्षांच्या अर्जांतून आणि दाखल्यांच्या खेपांतून गेलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, हा हिशेब अवघड नाही, पण तो ठरावीक क्रमाने करावा लागतो. इथे मुख्य उदाहरण यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेचं घेतलं आहे, कारण वय आणि अटेम्प्ट या दोन्हींची मर्यादा तिथे आहे. एमपीएससीत काय वेगळं आहे ते नंतर येईल.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. वय आणि अटेम्प्ट यांचे हिशेब स्वतंत्र चालतात. अटेम्प्ट शिल्लक असले तरी वय संपलं तर बसता येत नाही, आणि वय शिल्लक असलं तरी अटेम्प्ट संपले तर बसता येत नाही. जे आधी संपेल तिथे तुमचा प्रवास थांबतो.

१. जन्मतारीख कोणती धरायची ते आधी ठरवा

आयोग दहावीच्या प्रमाणपत्रावरची जन्मतारीख धरतो. जन्मपत्रिका, प्रतिज्ञापत्र, महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्माचा उतारा यांतलं काहीही यूपीएससीला चालत नाही. आपल्याकडे हे आवर्जून सांगावं लागतं, कारण गावाकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख लिहून टाकलेली असते. घरी वाढदिवस दिवाळीच्या सुमारास होतो आणि कागदावर तुम्ही जूनचे असता. हिशेब कागदावरच्या जूनचाच होणार.

अर्जात एकदा भरलेली जन्मतारीख नंतर बदलून मिळत नाही. दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवर वेगवेगळ्या तारखा असतील तर अर्जाच्या आधीच इतर कागद दहावीच्या तारखेशी जुळवून घ्या. उलट दिशेने, म्हणजे दहावीची तारीख बदलून घेऊन वय वाचवण्याच्या नादी लागू नका. त्यात वर्ष जातं आणि आयोग ते मान्य करेल याची खात्री नसते.

२. वय कोणत्या दिवशी मोजतात ते पाहा

नागरी सेवा परीक्षेसाठी वय परीक्षेच्या वर्षातल्या १ ऑगस्टला मोजतात. पूर्व परीक्षा साधारण मेअखेर किंवा जूनमध्ये होते, पण हिशेबासाठी तो दिवस धरायचा नाही. अर्ज भरण्याचा दिवसही धरायचा नाही.

नियमाचे शब्द नीट वाचा : १ ऑगस्टला २१ वर्षं पूर्ण झालेली असावीत आणि ३२ वर्षं पूर्ण झालेली नसावीत. "बत्तीसपर्यंत चालतं" असं तोंडी सांगितलं जातं आणि तिथेच घोटाळा होतो. ज्या दिवशी तुमचा बत्तिसावा वाढदिवस होतो त्या दिवशी तुमची बत्तीस वर्षं पूर्ण झाली. म्हणून २०२६ च्या परीक्षेसाठी खुल्या गटातला उमेदवार २ ऑगस्ट १९९४ ते १ ऑगस्ट २००५ या काळात जन्मलेला हवा. १ ऑगस्ट १९९४ ला जन्मलेला मुलगा एका दिवसाने बाहेर राहतो, २ ऑगस्टचा आत येतो.

स्वतःसाठी हिशेब असा करा : परीक्षेच्या वर्षातून तुमची कमाल वयोमर्यादा वजा करा. जे वर्ष येईल त्या वर्षीच्या २ ऑगस्टला किंवा त्यानंतर तुमचा जन्म असेल तर वय बसतं. तुमच्या वाढदिवसाला किती वर्षं झाली हे बोटांवर मोजत बसण्यापेक्षा जन्मतारखेची अशी सीमा काढणं जास्त खात्रीचं आहे.

३. तुमच्या प्रवर्गाची सवलत मांडा, पण प्रवर्ग केंद्राचा धरा

यूपीएससीत वयाची सवलत अशी आहे. इतर मागासवर्गाला ३ वर्षं मिळतात, म्हणजे मर्यादा ३५. अनुसूचित जाती आणि जमातींना ५ वर्षं मिळतात, म्हणजे ३७. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना १० वर्षं मिळतात आणि ती प्रवर्गाच्या सवलतीत मिळवली जातात. म्हणून खुल्या गटातल्या दिव्यांग उमेदवाराची मर्यादा ४२, ओबीसी दिव्यांगाची ४५, तर अनुसूचित जाती-जमातींतल्या दिव्यांगाची ४७ होते. माजी सैनिकांसाठी सेवेच्या अटींसह वेगळी सवलत आहे आणि तीही प्रवर्गाच्या सवलतीत मिळवता येते.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाला यूपीएससीत जागांचं आरक्षण आहे, पण वयात आणि अटेम्प्टमध्ये काहीच सवलत नाही. मर्यादा ३२, अटेम्प्ट ६, खुल्या गटासारखंच. इथे फार मुलं फसतात, कारण एमपीएससीच्या जाहिरातीत याच घटकाला वयाची सवलत मागासवर्गाइतकी मिळालेली त्यांनी पाहिलेली असते.

महाराष्ट्रातल्या मुलांचा सर्वांत मोठा गोंधळ प्रवर्गाच्या नावांचा आहे. आपल्याकडे वि.जा., भ.ज. (ब), (क), (ड), वि.मा.प्र. असे वेगवेगळे प्रवर्ग आहेत. केंद्रात हे प्रवर्गच नाहीत. तुमची जात केंद्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत असेल तर तिथे तुम्ही ओबीसी. धनगर आणि वंजारी समाजाचे उमेदवार राज्यात अनुक्रमे भ.ज. (क) आणि (ड) मध्ये असतात आणि यूपीएससीचा अर्ज ओबीसी म्हणून भरतात. पण राज्याच्या यादीत जात आहे म्हणजे केंद्राच्या यादीतही आहेच, असं गृहीत धरू नका. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या ncbc.nic.in या संकेतस्थळावर महाराष्ट्राची केंद्रीय यादी आहे. त्यात तुमची जात, पोटजात आणि तिचं स्पेलिंग स्वतः पाहा.

मराठा समाजाला २०२४ च्या राज्य कायद्याने एसईबीसी म्हणून १० टक्के आरक्षण मिळालं, पण ते राज्याच्या भरतीपुरतं आहे. यूपीएससीच्या अर्जात एसईबीसी हा पर्यायच नसतो. तिथे हा उमेदवार खुल्या गटात जातो, किंवा उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटी पूर्ण करत असेल तर आर्थिक दुर्बल घटकात. दोन्हीकडे वयाची मर्यादा ३२ च राहते.

४. अटेम्प्ट कधी पडतो ते समजून घ्या

खुल्या गटाला आणि आर्थिक दुर्बल घटकाला ६, ओबीसीला ९, आणि अनुसूचित जाती-जमातींना वय असेपर्यंत कितीही अटेम्प्ट आहेत. खुला गट, आर्थिक दुर्बल घटक आणि ओबीसी यांतल्या दिव्यांग उमेदवारांना ९ आहेत. म्हणजे ओबीसी दिव्यांगाला वयात दोन्ही सवलती मिळतात, पण अटेम्प्टमध्ये त्याचे ९ चे ९ च राहतात.

नुसता अर्ज भरल्याने अटेम्प्ट पडत नाही. प्रवेशपत्र काढल्यानेही पडत नाही. पूर्व परीक्षेच्या दोनपैकी कोणत्याही एका पेपरला तुम्ही प्रत्यक्ष बसलात की अटेम्प्ट पडला. सकाळचा सामान्य अध्ययनाचा पेपर अवघड गेला म्हणून दुपारच्या सीसॅटला न जाता घरी निघून येणारी मुलं दरवर्षी दिसतात. त्यांना वाटतं अटेम्प्ट वाचला. तो सकाळीच पडलेला असतो. वर दुपारचा पेपर न दिल्याने उत्तीर्ण होण्याची उरलीसुरली शक्यताही जाते. तयारी झालेली नसेल तर निर्णय सकाळच्या पेपरला वर्गात पाऊल टाकण्याआधी घ्यायचा.

पुढे काही कारणाने तुमची उमेदवारी रद्द झाली, तरी बसलेला अटेम्प्ट मोजला जातो. मुख्य परीक्षेला किंवा मुलाखतीला पोहोचलात तर त्यासाठी वेगळा अटेम्प्ट पडत नाही, पूर्व परीक्षेचा एकच.

अटेम्प्ट माणसाचे मोजतात, प्रवर्गाचे नाही. पहिल्या दोन वेळा दाखला नव्हता म्हणून खुल्या गटातून बसलात आणि मग ओबीसी दाखला काढलात, तर तुमच्याकडे नवे ९ येत नाहीत, ७ च उरतात. उलटही तितकंच खरं आहे. ओबीसी म्हणून ६ वेळा बसलेल्या उमेदवाराचं घर पुढे क्रीमी लेयरमध्ये गेलं, तर खुल्या गटाच्या मोजणीने त्याचे अटेम्प्ट संपलेले असतात.

जुन्या अटेम्प्टची संख्या अर्जात खरी लिहा. जुलै २०२४ मध्ये आयोगाने एका उमेदवाराची तात्पुरती उमेदवारी रद्द केली. नाव आणि आईवडिलांची नावं बदलल्यामुळे मर्यादेपेक्षा जास्त अटेम्प्ट लक्षात आले नाहीत, असं आयोगाने जाहीर केलं. या प्रकरणाच्या निमित्ताने आयोगाने २००९ ते २०२३ या काळात शिफारस झालेल्या १५,००० हून अधिक उमेदवारांच्या नोंदी तपासल्या. लग्नानंतर किंवा राजपत्रातून नाव बदललं असेल तर त्याचे कागद जपून ठेवा आणि आधीच्या नावाने दिलेले अटेम्प्टही मोजा.

५. दाखल्याची तारीख सांभाळा

सवलत जातीमुळे मिळत असली तरी ती टिकते दाखल्यामुळे, आणि ओबीसीच्या बाबतीत दाखल्यावरच्या तारखेमुळे. यूपीएससीला मागच्या तीन पूर्ण झालेल्या आर्थिक वर्षांच्या उत्पन्नावर आधारलेला नॉन-क्रीमी लेयर दाखला लागतो. तो त्यातलं शेवटचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या १ एप्रिलनंतर काढलेला आणि अर्जाच्या शेवटच्या दिवसाआधीचा हवा. २०२५ च्या परीक्षेसाठी २०२१-२२, २०२२-२३ आणि २०२३-२४ ही वर्षं होती आणि दाखला १ एप्रिल २०२४ नंतरचा हवा होता. जाहिरात जानेवारी-फेब्रुवारीत येते आणि अर्जाला तीनेक आठवडेच मिळतात. त्या गर्दीत तहसीलला खेटे घालण्यापेक्षा आदल्या वर्षीच्या मे ते ऑक्टोबरदरम्यान दाखला काढून ठेवा.

दोन नमुने वेगळे असतात हेही लक्षात ठेवा. राज्याच्या नोकरीसाठीचा नॉन-क्रीमी लेयर दाखला वेगळा आणि केंद्र सरकारच्या पदांसाठीचा वेगळा. सेतू केंद्रात नुसतं "नॉन-क्रीमी लेयर हवं" म्हणालात तर बहुतेक वेळा राज्याचा नमुना हातात येतो. जाहिरातीच्या परिशिष्टातला केंद्राचा नमुना छापून सोबत न्या.

क्रीमी लेयर आईवडिलांच्या स्थितीवरून ठरतो. उमेदवाराचा स्वतःचा पगार किंवा नवऱ्याचा पगार त्यात धरत नाहीत. ८ लाखांच्या उत्पन्न मर्यादेत आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न मिळवत नाहीत, मात्र आईवडिलांचं सरकारी पद कोणत्या वर्गाचं आहे ते वेगळं पाहतात. विवाहित मुलींसाठी जात माहेरची, म्हणजे वडिलांकडची धरली जाते. दाखला काढायला सासरच्या तालुक्यात गेलात तर खेप फुकट जाण्याची शक्यता मोठी.

दाखला उशिराचा असेल तर दयामाया नसते. नागरी सेवा परीक्षा २०२२ मधल्या आर्थिक दुर्बल घटकातल्या काही उमेदवारांनी मुदतीनंतरचे दाखले दिले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२३ मध्ये न्यायालयाने मुदत पाळणं आवश्यकच मानलं.

६. एक हिशेब पूर्ण करून पाहू

समजा बीड जिल्ह्यातली वंजारी समाजाची एक मुलगी आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर जन्मतारीख १४ सप्टेंबर १९९३. तिला २०२६ पासून पुढे किती संधी आहेत?

आधी वय. ओबीसीची मर्यादा ३५. तिची ३५ वर्षं १४ सप्टेंबर २०२८ ला पूर्ण होतात. १ ऑगस्ट २०२८ ला ती अजून ३४ ची असेल, म्हणून २०२८ ची परीक्षा तिला देता येते आणि २०२९ ची नाही. वयाच्या हिशेबाने २०२६, २०२७ आणि २०२८ अशी तीन वर्षं आहेत.

आता अटेम्प्ट. २०१६ ला दाखला नव्हता म्हणून ती खुल्या गटातून बसली : एक. २०१७, २०१८, २०१९ ओबीसीतून : चार. २०२० ला अर्ज भरला, पण घरातल्या आजारपणामुळे परीक्षेला गेली नाही. तो मोजायचा नाही. २०२१ ला दोन्ही पेपर : पाच. २०२२ ला सकाळचा पेपर देऊन निघून आली : सहा. त्यानंतर नोकरीमुळे अर्जच भरला नाही. ९ मधून ६ गेले, ३ उरले.

तीन वर्षं आणि तीन अटेम्प्ट, म्हणजे दोन्ही बरोबर जुळतात. पण २०२६ चुकवलं तर तिसरा अटेम्प्ट कागदावर राहतो आणि वापरायला वर्ष राहत नाही. तिच्यासाठी "अटेम्प्ट वाचवणं" याला आता अर्थ उरलेला नाही. तिचा अटेम्प्ट ती बसली तरी जाणार आणि न बसली तरी जाणार. २८ वर्षांच्या, चार अटेम्प्ट शिल्लक असलेल्या मुलाला मात्र एखादं वर्ष थांबून तयारी करणं परवडतं.

तिच्याबाबत आणखी एक धोका आहे. खुल्या गटाची ३२ ची मर्यादा तिने २०२५ मध्येच ओलांडली आणि सहा अटेम्प्टही झाले. आता ती पूर्णपणे ओबीसी दाखल्यावर उभी आहे. २०२७ चा दाखला वेळेत निघाला नाही, तर खुल्या गटातून बसण्याचा पर्यायही तिच्याकडे नाही. अशा उमेदवाराने दाखल्याचं काम दरवर्षी एप्रिलमध्येच हाती घ्यावं.

७. सवलत घेतल्याने काय बदलतं

राखीव प्रवर्गातला उमेदवार खुल्या गटाच्या गुणांवर आला तर तो खुल्या जागेवर मोजला जातो आणि राखीव जागा दुसऱ्याला राहते, हे आपल्याला माहीत असतं. पण केंद्राच्या नियमानुसार हे तेव्हाच होतं, जेव्हा त्याने वय, अटेम्प्ट किंवा कटऑफ यांतली कोणतीही सवलत घेतलेली नसते. वय ३२ च्या पुढे गेलेलं असेल, किंवा वय तीसच असून सातवा अटेम्प्ट असेल, तर गुण कितीही मिळोत, तो राखीव जागेवरच मोजला जातो. परीक्षेचं शुल्क माफ होणं ही यात धरायची सवलत नाही.

म्हणून ओबीसी उमेदवाराने पहिले सहा अटेम्प्ट आणि बत्तिशीच्या आतली वर्षं यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावं. सवलत वापरणं हा तुमचा हक्क आहे, संकोच करू नका. फक्त ती कोणत्या वर्षापासून सुरू होते हे वहीत लिहून ठेवा.

८. एमपीएससीचा हिशेब वेगळ्या पानावर मांडा

राज्यसेवेसाठी बहुतेक पदांना कमाल वय खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीय तसेच आर्थिक दुर्बल घटकाला ४३ आहे, दिव्यांगांना ४५. खुल्या गटाची मर्यादा ३३ वरून ३८ झाली ती एप्रिल २०१६ च्या शासन निर्णयाने. वय मोजण्याचा दिवस १ ऑगस्टच असेल असं नाही. तो त्या त्या जाहिरातीत दिलेला असतो आणि प्रत्येक जाहिरातीत नव्याने पाहावा लागतो. पोलीस उपनिरीक्षकासारख्या पदांना मर्यादा बरीच कमी असते, त्यामुळे संयुक्त परीक्षेत एका पदासाठी पात्र आणि दुसऱ्यासाठी अपात्र असं होऊ शकतं. पदनिहाय तक्ता वाचा.

अटेम्प्टची मर्यादा एमपीएससीत सध्या नाही. डिसेंबर २०२० मध्ये आयोगाने यूपीएससीसारखी ६ आणि ९ ची मर्यादा जाहीर केली होती, ती २०२२ मध्ये मागे घेतली. जुने लेख आणि व्हिडिओ अजून फिरत आहेत, म्हणून कोणी सहाचा आकडा सांगितला तर तो कधीचा आहे ते विचारा.

आपल्या उदाहरणातली मुलगी एमपीएससीत भ.ज. (ड) म्हणून ४३ पर्यंत, म्हणजे साधारण २०३६ पर्यंत बसू शकते. मात्र त्यासाठी राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर लागेल आणि पुढे जात वैधता प्रमाणपत्रही.

९. हे कागद एका फाइलमध्ये ठेवा

- दहावीचं प्रमाणपत्र, जन्मतारीख आणि नाव तपासून
- जातीचा दाखला. ओबीसींसाठी केंद्राच्या आणि राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर, दोन्ही वेगवेगळे
- आर्थिक दुर्बल घटकासाठी संबंधित आर्थिक वर्षाचं प्रमाणपत्र, तेही केंद्राचं आणि राज्याचं वेगळं
- दिव्यांगत्व असल्यास टक्केवारी लिहिलेलं प्रमाणपत्र
- नावात बदल असल्यास राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी
- आधी दिलेल्या प्रत्येक परीक्षेचं प्रवेशपत्र आणि एका कागदावर वर्षनिहाय नोंद : अर्ज भरला का, कोणत्या पेपरला बसलो, कोणत्या प्रवर्गातून

शेवटची नोंद बहुतेकांकडे नसते. पाच-सहा वर्षांनी अर्जातल्या अटेम्प्टच्या रकान्यापुढे बसल्यावर आठवणीवर भर देण्यापेक्षा ती आज रात्रीच लिहून काढा. जुनी प्रवेशपत्रं ईमेलमध्ये शोधली की वर्षं जुळवता येतात.